मुलानं स्वप्न सांगितलं, तर आधी काय आणि नंतर काय : किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी

सकाळी डबा भरायच्या घाईत मुलगा किंवा मुलगी येऊन म्हणते, "आई, काहीतरी विचित्रच स्वप्न पडलं." त्यानंतरच्या पाच मिनिटांत बहुतेक घरांत त्याच त्या चुका होतात. कुणी लगेच अर्थ सांगतं, कुणी मीठ-मोहऱ्या उतरवतं, कुणी "रात्री मोबाइल बघतोस ना, म्हणून" असं म्हणून विषय संपवतं. पुढचं स्वप्न मग घरात सांगितलं जात नाही. साताऱ्यात आणि सांगलीत पालकांशी बोलताना मला सारखं जाणवतं, की पालकांची माया खरी असते, पण ते शेवटची पायरी सगळ्यांत आधी चढतात. म्हणून इथे सगळा भर क्रमावर दिला आहे.

हा लेख साधारण बारा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या तीन प्रकारच्या स्वप्नांपुरता आहे: मित्र-मैत्रिणींनी वगळल्याची, शरीर बदलल्याची किंवा उघडं पडल्याची, आणि "मी मीच उरलो नाही" अशी. बऱ्याचदा एकाच स्वप्नात तिन्ही येतात. पुढचं उदाहरण तसंच आहे. ओळख पटेल असे तपशील त्यात बदलले आहेत.

साताऱ्यातला नववीतला मुलगा. स्वप्नात तो मित्रांबरोबर अजिंक्यतारा चढतोय. मित्र पुढे निघून जातात. हा ओरडतो, "थांबा रे!" पण तोंडातून वडिलांचा आवाज येतो. मित्र वळून बघतात आणि त्याला ओळखतच नाहीत. तो आपल्या हातांकडे बघतो, तर ते केसाळ, मोठ्या माणसाचे हात असतात. तिथे जाग येते. पंधरा दिवसांत हे स्वप्न त्याला तीनदा पडलं होतं.

## १. तयारी : स्वप्न ऐकण्याआधी हे माहीत हवं

"मनी वसे ते स्वप्नी दिसे" ही म्हण आपण सहज वापरतो. स्वप्नांच्या अभ्यासातूनही साधारण तेच दिसतं: दिवसा ज्याची काळजी असते, तेच रात्री रूप बदलून येतं. यातला "रूप बदलून" हा भाग पालक विसरतात. चित्रं वाटेल तिथून उचललेली असतात. परवा बघितलेला गड, वडिलांचे हात, वर्गातला एखादा प्रसंग, सगळं एकमेकांत मिसळतं. भावना मात्र बहुधा दिवसातल्या भावनेशी जुळते. म्हणून धरायची ती भावना. साप दिसला, दात पडले, कुणी मेलं, यावरून भविष्य निघत नाही आणि मुलाचा स्वभावही ठरत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं प्रामुख्याने झोपेच्या एका विशिष्ट टप्प्यात पडतात. या टप्प्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात. साधारण दर दीड तासाने हा टप्पा येतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. पहाटेची स्वप्नं जास्त लक्षात राहतात ती त्यामुळेच, कारण त्यातूनच थेट जाग येते. ती खरी होतात हे मुलाला सांगू नका. आधीच घाबरलेल्या मुलाला त्या एका वाक्याने पुढच्या रात्रीचीही धास्ती बसते.

तिसरी गोष्ट झोपेच्या हिशेबाची. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे दहाला डोळा लागत नाही हा निव्वळ हट्ट नसतो. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. साडेअकराला झोपून क्लाससाठी पाचला उठणाऱ्या मुलाची नेमकी पहाटेची, स्वप्नांची झोप कापली जाते. मग सुट्टीच्या दिवशी ती उसळून येते. रविवारी सकाळी विचित्र, लांबलचक स्वप्नं पडत असतील, तर पहिला संशय अपुऱ्या झोपेवर घ्या.

तपासा: गेल्या आठवड्यात मूल रोज किती वाजता झोपलं आणि उठलं, हे कागदावर लिहा. अंदाजाने नको. बरोबर, नवीन औषध सुरू झालं आहे का तेही बघा. ॲलर्जी आणि दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्ट या गोळीने काही मुलांना भयानक स्वप्नं पडतात आणि मनःस्थितीही बिघडते. अशी शंका आली तर गोळी आपल्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

## २. जागा आणि वेळ निवडा

किशोरवयीन मूल समोरासमोर बसवून बोलत नाही. शेजारी-शेजारी असताना बोलतं. गाडीवर मागे बसल्यावर, मटार सोलताना, रात्री गच्चीवर. साताऱ्याच्या त्या आईने सकाळी फक्त एवढंच म्हटलं, "आत्ता घाई आहे, पण मला ऐकायचंय. संध्याकाळी सांगशील?" आणि संध्याकाळी आठवण करून दिली. "नको" म्हणाला असता, तर तिथेच सोडायचं असं तिने ठरवलं होतं.

आजी, काका, धाकटं भावंड समोर असताना स्वप्न विचारू नका. मुलीला वडिलांशी बोलायला सोपं जात असेल, तर वडिलांनी ऐकावं, आईने मध्ये येऊ नये. रोज उठून "आज काय स्वप्न पडलं?" असंही विचारू नका. त्याने मूल तरी बोलायचं बंद होतं किंवा तुम्हाला आवडेल असं काहीतरी रचून सांगू लागतं.

सावध: मुलाने सांगितलेलं स्वप्न त्याच्या परवानगीशिवाय मावशीला फोनवरसुद्धा सांगायचं नाही. पुढच्या लग्नकार्यात कुणीतरी "काय रे, आवाज बदलला म्हणे स्वप्नात!" असं म्हणालं, की तुमचं दार बंद झालं म्हणून समजा.

## ३. गोष्ट पुरी होऊ द्या

या पायरीवर तुम्हाला बोलायची मुभा जवळजवळ नाही. "मग?" आणि "पुढे काय झालं?" एवढंच चालतं. मूल थांबलं तरी लगेच शब्द पुरवू नका. स्वप्न सांगताना माणूस ते शोधतही असतो, त्याला वेळ लागतो.

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात त्या तपशील विचारण्यात. "कोण कोण होतं? तो कुलकर्ण्यांचा पोरगा होता का? मुलगी होती का कुणी?" असं विचारलं की स्वप्नाचं जबाब नोंदवणं होऊन बसतं. स्वप्नातला माणूस आणि खरा माणूस एक नसतात. स्वप्नात शिक्षकांनी मारलं म्हणजे शाळेत मारलं असं नाही, आणि स्वप्नात वर्गातल्या कुणाला मिठी मारली म्हणजे काही चालू आहे असंही नाही. स्वप्नाचा पुरावा करून मोबाइल तपासायला घेतलात, तर मूल स्वप्नही सांगणार नाही आणि खरी गोष्टही.

तिसरी चूक अंगवळणी पडलेली असते: धीर देणं. "अरे, स्वप्नच ते, विसरून जा." तुम्हाला मायेने बोलल्यासारखं वाटतं, त्याला मात्र तो गप्प बसण्याचा इशारा वाटतो. धीर द्यायचाच आहे, पण अजून तीन पायऱ्यांनी.

## ४. चित्र सोडा, भावना विचारा

गोष्ट संपल्यावर एकच प्रश्न: "त्यात सगळ्यांत वाईट कधी वाटलं?"

हा प्रश्न नीट पाळा, कारण उत्तर बहुधा तुमच्या अंदाजापेक्षा वेगळं असतं. त्या आईला वाटलं होतं की मित्र पुढे गेले त्याचं वाईट वाटलं असेल, किंवा चढताना पडायची भीती वाटली असेल. मुलगा म्हणाला, "ते वळून बघतात ना, तेव्हा. त्यांना वाटतं हा कोण काका." आणि मग थोड्या वेळाने, "मलापण कळत नाही मी कोण ते." आईने आधीच "मित्र सोडून गेले म्हणून रडतोस होय" असं म्हटलं असतं, तर हे वाक्य बाहेर आलंच नसतं.

भावनेला तुम्ही नाव देऊ नका. "लाज वाटली का?" असं विचारलं तर मूल "हो" म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा "म्हणजे कसं वाटलं?" विचारा. "कसंतरीच" हे उत्तर आलं तरी पुरे. शब्द न सापडणं या वयात साहजिक आहे. पोटात, छातीत, घशात कुठे जाणवलं ते विचारलं तर काहींना सांगायला सोपं जातं.

तपासा: आतापर्यंत तुम्ही जास्त बोललात की मूल? तुम्ही बोलला असाल, तर आज इथेच थांबा. "सांगितलंस, बरं केलंस" म्हणा आणि उठा. पुढची पायरी दोन दिवसांनी चालते.

## ५. दिवसाशी जोड मुलालाच लावू द्या

आता दुसरा प्रश्न: "असंच दिवसा कधी वाटतं का?" शाळेचं नाव काढायचं नाही, मित्रांचं नाही. फक्त त्याने सांगितलेली भावना उचलायची.

या मुलाने दोन गोष्टी सांगितल्या. मराठीच्या तासाला धडा वाचताना आवाज मध्येच चिरकला आणि तेव्हापासून वर्ग त्याला "भोंगा" म्हणतो. आणि क्रिकेटच्या मुलांनी व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप केला, त्यात त्याला घेतलं नाही. जुना ग्रुप तसाच आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही. घरात कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं.

मूल "नाही, असं काही नाही" म्हणालं, तर खोदू नका. जोड तुमच्या लक्षात आली असली तरी तुम्ही सांगू नका. "हे तुझ्या आवाजामुळे आहे" असं बाहेरून आलेलं उत्तर बरोबर असलं तरी त्याला तुम्ही त्याच्या डोक्यात डोकावल्यासारखं वाटतं.

"मी मीच उरलो नाही" अशा स्वप्नांत ही सावधगिरी दुप्पट पाळा. मुलगी स्वप्नात मुलगा झाली, मुलगा स्वप्नात साडी नेसला, स्वप्नात आपल्याच लिंगाच्या कुणाबद्दल ओढ वाटली, स्वप्नात आपलं घर-आडनाव दुसरंच होतं, अशी स्वप्नं या वयात पडू शकतात. एका स्वप्नावरून काहीही सिद्ध होत नाही, या बाजूने नाही आणि त्या बाजूनेही नाही. "म्हणजे तू तसा आहेस का?" हा प्रश्न नको आणि "तू तसा नाहीस, घाबरू नकोस" हे आश्वासनही नको. दुसऱ्या वाक्यातून त्याला कळतं की "तसं" असणं या घरात चालणार नाही. ऐकून घ्या. त्याला पुढे काही बोलायचं असेल तर तो बोलेल.

## ६. उपाय दिवसाच्या बाजूने करा

आता धीर द्या, माहिती द्या, काम करा. एक छोटी, ठोस गोष्ट पुरते.

आवाजाबद्दल वडील मुलाशी बोलले: स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, नवा आवाज सांभाळायची सवय व्हायला बहुधा काही महिने, कधी वर्षभर लागतं, आणि तोवर तो चिरकतो. "माझाही चिरकायचा" हे त्यांनी सांगितलं तेव्हा पोराने पहिल्यांदा वर बघितलं. ग्रुपबद्दल आईला लगेच त्या मुलांच्या आयांना फोन करावासा वाटला होता. तो तिने केला नाही, आधी मुलाला विचारलं. त्याने एका जुन्या मित्राला रविवारी घरी बोलवायचं ठरवलं. चिडवण्याला मारहाण, पैसे उकळणं, फोटो पसरवणं यांची जोड असती, तर मात्र मुलाला आधी सांगून शाळेत जाणं भाग होतं.

शरीराच्या बाकी स्वप्नांनाही अशीच दिवसाची बाजू असते. पाळी सुरू झालेल्या मुलींना डागाची स्वप्नं पडतात: एसटीत उभी आहे, सगळे बघताहेत, मागे वळून बघते तर गणवेश लाल. यावर सगळ्यांत उपयोगी पडतं ते दप्तरातलं छोटं पाऊच. दोन पॅड, एक जादा निकर, कागदी पिशवी. बरोबर, शाळेत कोणत्या बाईंना सांगायचं ते आधी ठरवून ठेवायचं. पहिली एक-दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात हे तिला माहीत नसेल, तर तीच भीती रात्री येते.

मुलांना झोपेत वीर्यस्खलन होतं. ते नैसर्गिक आहे, त्याने अशक्तपणा येत नाही, त्यावर औषध लागत नाही. हे बारा-तेराव्या वर्षी, घडायच्या आधीच, वडिलांनी किंवा मामा-काकांनी साध्या शब्दांत सांगावं. नाहीतर ते काम स्टँडमागच्या भिंतीवरच्या जाहिराती करतात आणि मुलाला रोगी ठरवतात. ओली चादर दिसली तर न बोलता धुवायला टाका, किंवा त्याची चादर त्यालाच धुवू द्या.

## ७. तेच स्वप्न परत येत असेल तर : शेवट बदलून लिहिणं

सहाव्या पायरीनंतर बरीच स्वप्नं आपोआप विरळ होतात. होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञ वापरतात ती एक सोपी पद्धत घरी करून बघता येते. जागेपणी ते स्वप्न वेगळं लिहायचं आणि नव्या रूपात मनात घोळवायचं.

वेळ दिवसाची निवडा, झोपायच्या आधीची नको. मुलाने वहीत स्वप्न थोडक्यात लिहावं, मग त्याला वाटेल तिथून ते बदलावं. काय बदलायचं ते पूर्णपणे त्याचं. साताऱ्याच्या त्या मुलाचा पहिला प्रयत्न फसला, कारण शेवट आईने सुचवला होता: मित्र पळत येतात आणि त्याला उचलून घेतात. त्याला ते खोटं वाटलं, त्याने वही मिटली. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः लिहिलं: आवाज वडिलांचाच येतो, पण तो दुसऱ्यांदा ओरडतच नाही. वळणावरच्या दगडावर बसतो आणि शीळ घालतो. ती शीळ ऐकून एक जण मागे येतो. हात केसाळच राहतात.

फार गोड शेवट लागत नाही, आपल्याला काहीतरी करता येतं एवढंच त्यात असावं लागतं. हे नवं रूप त्याने रोज दुपारी दहा मिनिटं, डोळे मिटून, सावकाश बघायचं. जुनं रूप परत परत वाचायचं नाही. दोन-तीन आठवडे द्या. तो रोज बसला नाही, अधूनमधून विसरला. तिसऱ्या आठवड्यात स्वप्न एकदा आलं, पण त्यात तो थांबून राहिला आणि घाबरून उठला नाही. त्यानंतर त्याने वही बाजूला ठेवली, आणि आईने ती परत काढायला लावली नाही.

सावध: खऱ्या घटनेची स्वप्नं यात घेऊ नका. अपघात, घरातला मृत्यू, 2019 च्या महापुरात सांगलीत घरात शिरलेलं पाणी, कुणी केलेला वाईट स्पर्श, यांची स्वप्नं घरच्या घरी लिहून बदलायची नसतात. तिथे थेट आठव्या पायरीवर जा. इतर स्वप्नांतही लिहिताना मूल थरथरू लागलं, रडू आवरेनासं झालं, तर थांबा.

## ८. डॉक्टरांकडे कधी आणि कसं जायचं

आधी एक फरक ओळखा. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळून उठणं, डोळे उघडे पण ओळख नाही, आणि सकाळी काहीच न आठवणं, हे स्वप्न नसतं. तो गाढ झोपेतला दचका असतो. तेव्हा हलवून जागं करू नका, पडू-लागू नये एवढं बघा. तो वारंवार येत असेल, किंवा त्यात शरीराला झटके येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर वरच्या पायऱ्यांचा उपयोग नाही.

भयानक स्वप्नं आठवड्यातून एकदा किंवा जास्त, महिनाभर येत राहिली, मूल झोपायलाच टाळू लागलं, शाळा बुडू लागली, किंवा स्वप्नात खरी घटनाच पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर वाट बघू नका. सातारा सिव्हिल, सांगली सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय इथे चौकशी करता येते.

वारंवार येणारी भयानक स्वप्नं आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांचा संबंध आढळला आहे. म्हणून मुलाला सरळ विचारा: "जगणं नको असं वाटतं का कधी?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं, तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या कुलपात ठेवा आणि 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. स्वप्न सांगता सांगता मुलाने जागेपणी झालेला अत्याचार सांगितला, तर त्याला खोदून खोदून विचारत बसू नका. त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि 1098 किंवा पोलिसांकडे जा. अठराखालच्या मुलांच्या बाबतीत लैंगिक अत्याचार कळवणं हे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, तो माणूस नात्यातला असला तरी.

जाताना बरोबर दोन आठवड्यांची नोंद न्या: झोपायची-उठायची वेळ, स्वप्नाने जाग आलेल्या रात्री, चालू औषधं, चहा-कॉफी-एनर्जी ड्रिंक किती आणि कधी. स्वप्नात काय होतं ते तुम्ही लिहू नका. डॉक्टरांना ते मुलाने सांगायचं. आत जायच्या आधी त्याला विचारून ठेवा, मी बरोबर येऊ की बाहेर बसू, आणि तो "बाहेर बस" म्हणाला तर बाहेर बसा.